दाणा साठवावा, पीठ नाही

मोड आणून भाजलेल्या नाचणीचे पीठ एकदा करून ठेवले की वर्षभर बघायला नको, असे मी कित्येक वर्षे सांगत आले. माहेरी मुरबाडकडे तेच ऐकले होते. सासरी, शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला, तेच चालत होते. पुढे आमच्या बचत गटातल्या बायकांनाही मी तेच शिकवले. आज माझे मत वेगळे आहे. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ साठवू नये, वाळवलेला दाणा साठवावा आणि लागेल तसे थोडे थोडे दळावे, असे मी आता सांगते. भाजण्याबद्दलही माझे मत बदलले आहे. जेवढे खमंग भाजाल तेवढे चांगले, हे मला आता सरसकट मान्य नाही. ही दोन्ही मते का बदलली ते सविस्तर मांडते, कारण आमच्याकडे अजून बहुतेक घरांत जुनीच रीत चालू आहे.

जुन्या समजुतीचे मूळ नाचणीच्या दाण्यातच आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले, आणि ठाण्यात नाचणी उरली ती मुख्यतः आमच्या शहापूर-मुरबाडच्या उतारांवर. भात खालच्या खाचरात, नाचणी आणि वरई वरच्या वरकस जमिनीवर. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसात पेरायचे, रोप हाताएवढे झाले की लावणी करायची आणि दिवाळीच्या आगेमागे कणसे कापायची. खळ्यावर झोडपून, पाखडून दाणा शेणाने सारवलेल्या कणगीत गेला की तो दोन-दोन, तीन-तीन वर्षे तसाच राहतो. तांदळाला टोके लागतात, डाळींना भुंगे लागतात, पण नाचणीकडे कीड सहसा फिरकत नाही. दाणा इतका बारीक असतो की टोक्याच्या अळीला आत राहून वाढायला जागाच मिळत नाही, आणि वरची तांबडी साल कठीण व तुरट असते. भात बुडाले त्या वर्षी जुनी नाचणी घर तारून न्यायची, म्हणून तिच्या टिकण्यावर आमच्या माणसांचा विश्वास पक्का बसला. दाणा टिकतो तर पीठही टिकेल, भाजले म्हणजे तर टिकेलच, असा पुढचा हिशेब आपोआप जुळला. तो कुणी तपासला नव्हता. मीही नाही.

माझे मत बदलले ते एका वर्षीच्या योगायोगाने. वैशाखात पाच किलो नाचणीला मोड आणले होते. वाळवून झाल्यावर अर्धी खमंग भाजून गिरणीतून दळून आणली आणि डब्यात भरली. उरलेली दळायच्या वेळी गिरणीची मोटर जळालेली. मग लग्ने आली, मग पेरण्या आल्या, आणि ती वाळवलेली, न भाजलेली नाचणी पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून तशीच राहिली. श्रावणात लेक माहेरी आली, तिचे बाळ नुकतेच सात महिन्यांचे झाले होते. पहिल्या दिवशी डब्यातल्या पिठाची पेज केली. बाळाने दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवले. मी चाखून बघितली तर जिभेच्या मागच्या बाजूला कडवट चव रेंगाळली. पिठाला वास घेतला तर जुन्या तेलासारखा, खवट.

मग ती राहिलेली नाचणी आठवली. डबा उघडला. दाणा किंचित सादळला होता, पण वास स्वच्छ होता. घाईघाईत कढईत जेमतेम गरम केली, घरच्या मिक्सरमध्ये फिरवली, चाळली, आणि लेकीने पेज केली. ती इतकी पातळ झाली की मी म्हटले, "अगं, पीठ कमी घातलंस का?" ती म्हणाली, "नाही आई, कालच्याएवढंच घातलंय." बाळाने मात्र ती वाटी संपवली. नाचणी एकाच शेतातली, मोड एकाच दिवशी आणलेले, वाळवण एकाच अंगणातले. एक भाग पीठ होऊन राहिला आणि दुसरा दाणा होऊन. एक कडक भाजलेला, एक नुसता गरम केलेला. एक खवट आणि घट्ट, दुसरा गोडसर आणि पातळ. मला या दोन्ही फरकांची कारणे हवी होती, आणि ती शोधताना माझी रीत बदलत गेली.

आधी खवटपणाचे बघू. नाचणीत स्निग्धांश फार थोडा असतो, साधारण सव्वा ते दोन टक्के. बाजरीत तो पाच टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडू लागते आणि नाचणीचे त्यापेक्षा बरेच दिवस चांगले राहते. पण थोडा असला तरी स्निग्धांश असतोच. अख्ख्या दाण्यात तो सालीच्या आत बंद असतो. दळले की तो पिठाच्या कणाकणावर पसरतो आणि हवेला उघडा पडतो. त्यातून मोड आणताना दाणा जागा झालेला असतो. उगवायला लागणारी शक्ती मिळवण्यासाठी तो साठवलेले पिष्ट आणि स्निग्धांश दोन्ही फोडू लागतो, आणि त्यासाठीची विकरे त्याच्या अंगात तयार होतात. वाळवल्याने ती झोपतात, मरत नाहीत. पिठात ओलावा शिरला की पुन्हा काम सुरू करतात. शिवाय पिष्टाची थोडी साखर झालेली असल्याने हे पीठ हवेतला ओलावा साध्या पिठापेक्षा लवकर ओढते. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ पाणी सोडते, अगरबत्ती पेटत नाही. त्या हवेत दर दोन दिवसांनी उघडला जाणारा डबा कोरडा राहायचा कसा? म्हणजे मोड आणलेल्या नाचणीचे पीठ साध्या नाचणीच्या पिठापेक्षा जास्त टिकते ही समजूत उलटी आहे. त्याचे आयुष्य कमी असते.

आता घट्ट-पातळचे. मोड येताना अमायलेज नावाचे विकर भरपूर तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते, म्हणून पेज पातळ होते आणि साखर न घालता गोडसर लागते. बारीक तृणधान्यांमध्ये नाचणी या कामी विशेष चांगली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देशिकाचार यांनी यावर अनेक वर्षे काम केले आणि १९८२ साली मोड आणलेली नाचणी व मूग यांचे, शिजवल्यावर पातळ राहणारे बाळांचे खाणे मांडले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनीही अशा पिठाचा अभ्यास केला. त्यातला मुद्दा साधा आहे. बाळाचे पोट लहान. साध्या पिठाची पेज घट्ट होते, म्हणून आपण पाणी वाढवतो, आणि वाटीभर पेजेत पीठ चमचाभरच राहते. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत जवळजवळ दुप्पट पीठ मावते. बाळाच्या पोटात पाणी कमी आणि अन्न जास्त जाते.

पण हे अमायलेज उष्णतेने मरते. दाणा ओलसर असताना कडक आच लागली तर लगेच मरते, आणि दाणा पूर्ण कोरडा असला तरी तडतड फुटेपर्यंत भाजला तर फारसे उरत नाही. म्हणजे दोन दिवस खपून मोड आणायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा मुख्य गुण कढईत घालवायचा, असे आमच्या घरी चालले होते. कडक भाजलेल्या पिठाला वास सुंदर येतो, पचायलाही ते बरे असते, मोडामुळे लोह आणि कॅल्शियम अंगी लागण्यातला अडथळा कमी झालेला असतो तोही फायदा राहतो. पातळ पेज मात्र त्यातून होत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. कडक भाजण्याने स्निग्धांश फोडणारी विकरेही मरतात, ओलावा उडतो, किड्यांची अंडी मरतात. त्यामुळे भाजलेले पीठ न भाजलेल्यापेक्षा जास्त टिकते, हे आमच्या आज्या म्हणत त्यात तथ्य आहे. फक्त ते टिकणे आठवड्यांचे आहे, वर्षाचे नाही. दळल्यावर हवा लागतेच, आणि कितीही भाजले तरी पावसाळ्यात पीठ पुन्हा ओलावा ओढतेच. म्हणून मी आता भाजण्याचे दोन प्रकार ठेवते. बाळासाठी आणि आजारी माणसाच्या पेजेसाठी हलके भाजणे. लाडू, भाकरी, मोठ्यांच्या दुधातल्या सत्त्वासाठी खमंग भाजणे. आणि दोन्ही वेळा भाजणे दळायच्या दिवशीच.

आता एक किलोची रीत सांगते, वैशाखातल्या हवेची.

नाचणी शक्यतो चालू हंगामातली घ्यावी. चार वर्षांची जुनी नाचणी भाकरीला चालते, मोडाला नाही, अर्धे दाणे उगवतच नाहीत. बाजारातली पॉलिश केलेली, चकचकीत नाचणीही टाळावी. घेण्याआधी मूठभर नाचणीला मोड आणून बघावे, शंभरातले ऐंशी-नव्वद दाणे उगवले तरच पुढे जावे. जे दाणे उगवत नाहीत ते ओले राहून नुसते कुजतात आणि सगळ्या फडक्याला वास लावतात. खळ्यावरच्या नाचणीत खडा असतोच, म्हणून पाखडून झाल्यावर ती रोळून घ्यावी. पसरट भांड्यात पाणी घालून हलवत हलवत वरची नाचणी दुसऱ्या भांड्यात उतरवत जायची, खडे आणि वाळू तळाशी राहतात. पाणी नितळ दिसेपर्यंत चार-पाच वेळा धुवावे. पुढच्या दोन दिवसांत जे बिघडते त्याचे मूळ बहुधा या धुण्यात असते.

मग रात्री भिजत घालावी. दहा-बारा तास पुरतात. उकाडा फार असेल तर मध्ये एकदा पाणी बदलावे. सकाळी उपसून चाळणीत चांगली निथळू द्यावी. एक किलोची आता जवळजवळ दीड किलो झालेली असते. निथळायला अर्धा तास दिला नाही तर खालचे दाणे पाण्यात राहतात, त्यांना श्वास मिळत नाही आणि मोडाऐवजी आंबूस वास येतो. निथळलेली नाचणी ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत ठेवावी, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. उगवणारा दाणा स्वतः गरम होतो. घट्ट गाठोड्याच्या मध्ये हात घातला तर चटका जाणवावा इतकी ऊब साठते, आणि तिथलेच दाणे आधी चिकट होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ फडके उघडायचे, नाचणी हाताने वरखाली करायची, पाणी शिंपडायचे. चिकटपणा जाणवला तर स्वच्छ पाण्यातून काढून पुन्हा निथळायची.

उन्हाळ्यात चोवीस तासांत पांढरे टोक दिसते आणि भिजवून काढल्यापासून दीड ते दोन दिवसांत काम होते. पौषातल्या थंडीत एक दिवस जास्त लागतो. मूळ दाण्याएवढे किंवा थोडे लांब झाले की थांबावे. मोड जितके लांब तितके पौष्टिक असे नाही. दाण्यातलेच अन्न खाऊन ते वाढतात, म्हणून लांब मोड म्हणजे पिठाची घट, आणि मुळांचा कडवटपणा वेगळाच. दुसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसते, तिला पुष्कळजणी बुरशी समजून सगळे टाकून देतात. ती लव मुळाची असते. सगळ्या दाण्यांवर सारखी असते, पाणी शिंपडले की बसते आणि तिला वास नसतो. बुरशी ठिकठिकाणी धरते, दाणे एकमेकांना जाळीने चिकटवते, राखाडी, हिरवी किंवा काळी होते आणि कुबट वास मारते. तसा एक जरी गोळा दिसला तरी तो वेचून काढून बाकीचे वापरू नये. सगळे टाकावे, बाळाच्या खाण्यासाठी तर नक्कीच.

वाळवणे हा सगळ्यांत नाजूक टप्पा. सुती कापडावर एका दाण्याचा थर होईल इतके पातळ पसरावे आणि पहिल्या दिवशी दर तासाने हात फिरवावा. पहिल्या चार-पाच तासांत दाणा वरून कोरडा झालाच पाहिजे, नाहीतर तो वाढतच राहतो आणि आंबतो. संध्याकाळी घरात घ्यावे, रात्रीच्या दवात ठेवू नये. वैशाखात दोन कडक उन्हे पुरतात. पावसाळ्यात हे काम करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पंख्याखाली दाणा वरून कोरडा होतो आणि आतून ओला राहतो.

पुरेसे वाळले की नाही हे ओळखायच्या खुणा आहेत. तळहातावर चोळले की मुळे कोरड्या काडीसारखी मोडून भुगा व्हावीत. दाणा दाताखाली कट्‌कन फुटावा, दबू नये. अजून एक पारख म्हणजे कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर नाचणी आणि चमचाभर कोरडे मीठ घालून जोरात हलवावी. मीठ काचेला चिकटले तर ओलावा नक्की जास्त आहे. चिकटले नाही तरी अजून अर्धा दिवस ऊन द्यावे, कारण ही पारख फक्त ठळक ओलावा दाखवते. मग जाड कापडावर किंवा सुपात नाचणी खसखसून चोळावी आणि पाखडावी. मुळे आणि कोंब उडून जातात. हे टाळू नये. मुळे कडू असतात आणि ओलावा सर्वांत आधी तीच धरतात. शेवटी एक किलोची साडेआठशे-नऊशे ग्रॅम उरते. घट दिसली तर वाईट वाटू देऊ नये, ती उगवण्यात आणि मुळांत गेली.

माझ्या नव्या रीतीत काम इथे थांबते. ही वाळवलेली, मुळे काढलेली, न भाजलेली नाचणी कडक ऊन देऊन, पूर्ण थंड करून, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायची. एका मोठ्या डब्यापेक्षा एकेक किलोचे छोटे डबे किंवा बरण्या चांगल्या, कारण एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. डबा गळ्यापर्यंत भरलेला असावा. वैशाखात भरलेली अशी नाचणी मी दिवाळीपर्यंत वापरली आहे. त्यापुढे ती ठेवायची गरज नसते, तोवर नवे पीक आलेले असते. कणगीतल्या कच्च्या नाचणीसारखी ही वर्षानुवर्षे मात्र टिकणार नाही. उगवताना तिची साल फुटलेली असते, ते कवच आता राहिलेले नसते.

दळायच्या दिवशी लागेल तेवढीच काढावी, अर्धा किलो पुष्कळ झाली. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दोन-दोन मुठी भाजावी. हलके भाजणे म्हणजे दाणा बोटांना सोसवेनासा गरम होईपर्यंत आणि पहिला गोड वास सुटेपर्यंत, चार-पाच मिनिटे. म्हैसूरच्या पद्धतीतही वाळवलेल्या मोडांना सत्तर-पंचाहत्तर अंशांचीच ऊब देतात. दाणा तडतडायला लागला तर आच फार झाली. खमंग भाजायचे असेल तर आणखी पाच मिनिटे, रंग एक छटा गडद होईपर्यंत आणि एखाददुसरा दाणा फुटेपर्यंत. परातीत पसरून थंड करावी आणि मगच दळावी. गिरणीत गहू-ज्वारीनंतर नंबर लागला तर पहिले मूठभर पीठ वेगळे काढावे, त्यात आधीच्याचे शिळे पीठ असते. घरघंटी किंवा मिक्सर असेल तर तो प्रश्न येत नाही. दळून आलेले पीठ गरम असते. ते तसेच डब्यात भरले तर झाकणाला आतून घाम येतो आणि तेच पाणी पिठात उतरते. तासभर ताटात पसरून, थंड करून, चाळून मग भरावे.

हलके भाजलेल्या पिठात विकर शिल्लक आहे का, हे घरी बघता येते. साध्या नाचणीच्या किंवा तांदळाच्या पिठाची घट्ट खीर शिजवावी, खाली उतरवून बोट क्षणभरच टेकवता येईल इतकी निवू द्यावी, आणि त्यात चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळावी. दहा मिनिटांत ती सैल, ओघळणारी झाली तर भाजणे बरोबर झाले. तशीच घट्ट राहिली तर आच जास्त लागली. हाच नियम पेज करताना लक्षात ठेवावा. पीठ आधी थंड पाण्यात कालवावे आणि मंद आचेवर सावकाश तापवावे. पेज आधी थोडी दाटते, मग सैल होते. उकळत्या पाण्यात पीठ टाकले तर विकराला काम करायला वेळच मिळत नाही. सैल झाल्यावर मात्र पेज चांगली उकळलीच पाहिजे, कारण मोड येताना ओलाव्यात जंतूही वाढलेले असतात आणि हलक्या भाजण्याने ते सगळे मरत नाहीत.

आता टिकण्याचा माझा हिशेब. कोरड्या महिन्यांत, म्हणजे कार्तिकापासून वैशाखापर्यंत, घट्ट डब्यातले पीठ सहा ते आठ आठवडे. पावसाळ्यात तीन आठवडे, फार तर महिना. फ्रिजमध्ये हवाबंद ठेवले तर दोन-तीन महिने, पण बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या हवेला आल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर थंड पिठावर दव धरते. आमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून फ्रिजवर मी फार विसंबत नाही. बाळासाठीचे पीठ मी कोणत्याही हंगामात पंधरा-वीस दिवसांपुरतेच करते. बिघडले की नाक सांगते. खवट वास म्हणजे स्निग्धांश बिघडला, कुबट वास म्हणजे ओलावा शिरला, आंबूस वास म्हणजे मोड आणतानाच चुकले. पिठाच्या गाठी झाल्या, जाळी दिसली, तांबडे भुंगेरे फिरले तर चाळून वापरायचा मोह टाळावा. खवट पीठ पुन्हा भाजले तर वास तात्पुरता झाकतो, कडवटपणा परत येतो. लवंग किंवा सुकलेला कडुनिंब डब्यात घालायला हरकत नाही, किड्यांना थोडा अटकाव होत असेल, पण खवटपणा त्याने थांबत नाही. ओला पाला तर घालूच नये, तो स्वतःच पाणी सोडतो.

या मताला घरातून आणि गटातून विरोध झाला, आणि त्यात दम होता. कल्याण-डोंबिवलीत नोकरी करणारी सून किंवा लेक दर पंधरा दिवसांनी भाजत आणि दळत बसणार का? तिला तयार डबाच लागतो. म्हणून मी आता पिठाचा डबा न देता वाळवलेल्या नाचणीच्या पाव-पाव किलोच्या पिशव्या देते. पाव किलो नाचणी कढईत गरम करून मिक्सरला फिरवायला अर्धा तास लागतो, आणि ते बहुतेकींना जमते. जिला तेही जमत नाही तिने खमंग भाजलेले पीठ महिन्यापुरते न्यावे.

गटाचा प्रश्न जास्त अवघड होता. आमच्या पाकिटावर सहा महिने टिकते असे छापलेले होते. बाजारातल्या इतर पाकिटांवर तसेच असते, म्हणून आम्हीही लिहिले. पण कारखान्यात ओलावा यंत्राने मोजतात, गरम हवेने ठरावीक वाळवतात आणि हवा न शिरणाऱ्या चकचकीत वेष्टनात भरतात. आम्ही अंगणात वाळवून साध्या प्लॅस्टिक पिशवीत मेणबत्तीवर तोंड चिकटवायचो. तिथली मुदत आमच्या पिशवीला लावणे योग्य नाही, हे मी बैठकीत मांडले. मुदत कमी लिहिली तर माल खपणार नाही, अशी भीती बोलून दाखवली गेली, आणि काही काळ खप खरेच उतरला. आता आम्ही दळल्याची तारीख ठळक लिहितो, कोरड्या हंगामात दोन महिने आणि पावसाळ्यात एक महिना अशी मुदत देतो, आणि पावसाळ्यात मागणी आल्याशिवाय दळत नाही. गोदामात पीठ पडून राहत नाही, वाळवलेली नाचणी राहते.

ज्यांच्या घरी नाचणीचे पीठ करून ठेवण्याची पद्धत आहे, त्यांना माझी विनंती एवढीच. येत्या उन्हाळ्यात मोड आणाल तेव्हा निम्मी नाचणी दळू नका. वाळवून, मुळे चोळून काढून, घट्ट डब्यात दाणाच ठेवा. पिठाच्या डब्यावर दळल्याची तारीख लिहा. श्रावणात दोन्हींची पेज शेजारी शेजारी करून चाखा, आणि मग पुढच्या वर्षी काय साठवायचे ते तुम्हीच ठरवा.